सव्वा अंश

परतुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेची पहिली धग बंबाखाली लागते. सरपण म्हणून पऱ्हाट्या नाहीतर तुराट्या असतात. बंबाच्या तोटीतून घंगाळात पडणारे पाणी अंगावर घेण्याजोगे नसते, म्हणून त्यात विसण घालायचे. हात बुडवून अंदाज घ्यायचा, हवे तसे कोमट झाले की तांब्या हातात घ्यायचा. जिथे बंब जाऊन गीझर आला तिथेही विसण राहिलेच आहे, फक्त ते आता दुसऱ्या नळातून येते.

उष्णतेच्या शास्त्रात, म्हणजे ऊष्मागतिकीत, शिरण्यासाठी मला या विसणाइतकी सोयीची वाट दुसरी दिसत नाही. पाठ्यपुस्तके वायूने भरलेल्या नळकांड्यापासून आणि घर्षण नसलेल्या दट्ट्यापासून सुरुवात करतात. तो दट्ट्या कोणी पाहिलेला नसतो. घंगाळ सर्वांनी पाहिलेले असते आणि त्यातल्या पाण्याचा हिशेब पदवीच्या वर्गापर्यंत पुरून उरतो. तो हिशेब एकदा नीट मांडला की पुढच्या पानांतली बरीच अवघड प्रकरणे ओळखीची वाटू लागतील. म्हणून या प्रस्तावनेत तेवढेच करणार आहे.

आकडे सोपे घेऊ. बंबातले ५ किलो पाणी ८० अंश सेल्सिअसला आहे, विसणाचे १० किलो पाणी २० अंशांना. दोन्ही एका उष्णतारोधक पिंपात ओतली. पिंप इतके चांगले, की उष्णता बाहेर जात नाही, बाहेरून येत नाही आणि पिंप स्वतःही काही शोषून घेत नाही. असे पिंप बाजारात मिळत नाही, पण त्याचे पुढे पाहू.

अंतिम तापमान दहावीच्या मुलालाही काढता येते. विज्ञानाच्या पुस्तकातल्या ‘उष्णता’ या धड्यातच ते तत्त्व आहे: उष्ण वस्तूने गमावलेली उष्णता आणि थंड वस्तूने ग्रहण केलेली उष्णता सारखी. गरम पाणी थंडाच्या निम्मे आहे, तेव्हा त्याचे तापमान जितके उतरेल त्याच्या निम्म्याने थंड पाण्याचे चढेल. ८० वरून ४० उतरले, २० वरून २० चढले, दोघे ४० अंशांवर भेटले. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता किलोमागे, अंशामागे ४.१८ किलोज्यूल धरली तर या देवघेवीत ८३६ किलोज्यूल उष्णता इकडून तिकडे गेली. दोन्ही बाजूंनी मोजून पाहा, आकडा तोच येतो. मिश्रणाचा हा नियम रिचमान नावाच्या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या मध्यास सेंट पीटर्सबर्गमध्ये मांडला होता, आणि आपल्या शाळांत तो आजही जवळपास त्याच रूपात शिकवला जातो.

या हिशेबात एक गोष्ट सांगितलेलीच नाही. ४० अंशांचे १५ किलो पाणी पिंपात झाकून ठेवले आणि तासाभराने उघडले, तर त्यातले ५ किलो आपोआप ८० अंशांना आणि उरलेले १० किलो २० अंशांना पोहोचलेले का सापडत नाही? दहावीच्या समीकरणाची याला काहीच हरकत नाही. एकाने ८३६ किलोज्यूल दिले, दुसऱ्याने घेतले, बेरीज शून्य. ऊर्जेचा जमाखर्च दोन्ही दिशांनी सारखाच जुळतो. तरी घडते एकाच दिशेने.

या दिशेला मोजमाप रुडॉल्फ क्लाउझिउस या जर्मन शास्त्रज्ञाने दिले. १८६५ मध्ये त्याने त्या राशीला एन्ट्रॉपी हे नाव ठेवले. तिची व्याख्या ऐकायला साधी आहे: एखाद्या वस्तूत थोडीशी उष्णता शिरली, तर त्या उष्णतेला त्या क्षणीच्या तापमानाने भागायचे. जे येईल तेवढी त्या वस्तूची एन्ट्रॉपी वाढली. उष्णता बाहेर गेली तर तेवढी घटली. तापमान मात्र केल्विनमध्ये घ्यायचे, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवून.

आता विसण घालण्याच्या अगदी पहिल्या क्षणाकडे जवळून पाहू. गरम पाण्यातून एक किलोज्यूल, म्हणजे १००० ज्यूल उष्णता निघाली. तेव्हा ते पाणी ३५३.१५ केल्विनला होते. भागाकार केला तर त्याची एन्ट्रॉपी २.८३ ज्यूल प्रति केल्विन एवढी घटली. तोच किलोज्यूल थंड पाण्यात शिरला, आणि ते २९३.१५ केल्विनला होते. त्याची एन्ट्रॉपी ३.४१ ने वाढली. उष्णता तीच, पण भाजक लहान म्हणून भागाकार मोठा. दोन्ही मिळून ०.५८ ची वाढ झाली. ही वाढ कुठून ‘आली’ असे विचारू नये. ऊर्जेसारखा एन्ट्रॉपीला राखून राहण्याचा नियम नाही, ती या देवघेवीतच निर्माण होते.

पुढचा किलोज्यूल जाईपर्यंत गरम पाणी किंचित निवलेले असते आणि थंड पाणी किंचित तापलेले, त्यामुळे वाढ ०.५८ पेक्षा जराशी कमी होते. असे करत शेवटच्या किलोज्यूलला दोन्ही पाणी ४० अंशांवर असते, भाजक सारखे होतात आणि वाढ शून्यावर येते. सुरुवातीला ०.५८, शेवटी शून्य, तर सरासरी ०.२९ धरायला हरकत नाही. असे ८३६ किलोज्यूल गेले, म्हणून एकूण वाढ सुमारे २४२ ज्यूल प्रति केल्विन. हे उत्तर कलनशास्त्राला हात न लावता निघाले आणि ते खऱ्या उत्तराच्या अगदी जवळ आहे.

खरे उत्तर हवे असेल तर हे सगळे बारीक भागाकार अचूक जोडावे लागतात. तीच बेरीज लॉगॅरिथमच्या रूपात मिळते. m वस्तुमान, c विशिष्ट उष्माधारकता, T₁ सुरुवातीचे आणि T₂ शेवटचे केल्विन तापमान, तर

ΔS = m c ln(T₂/T₁)

गरम पाण्यासाठी हे उणे २.५१२ किलोज्यूल प्रति केल्विन येते, थंड पाण्यासाठी अधिक २.७५९. निव्वळ वाढ ०.२४६, म्हणजे २४६ ज्यूल प्रति केल्विन. गरम पाण्याची एन्ट्रॉपी घटते, हे पाहून पहिल्यांदा शिकणारे बिचकतात. एन्ट्रॉपी कधी घटत नाही असे त्यांनी ऐकलेले असते. ती घटत नाही ती साऱ्या पिंपाची मिळून, आणि हाच ऊष्मागतिकीचा दुसरा नियम. एकट्या गरम पाण्याची खुशाल घटते.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे सेल्सिअसचेच आकडे लॉगॅरिथममध्ये घालणे. ४० भागिले ८० आणि ४० भागिले २० असे केले की उत्तर साडेचौदा किलोज्यूल प्रति केल्विन येते, खऱ्याच्या जवळपास साठपट. या चुकीचा धोका असा, की चिन्ह बरोबर येते. उत्तर धन आहे, दुसरा नियम पाळला गेला, असे समजून विद्यार्थी वही मिटतो. तापमानांतला फरक काढताना सेल्सिअस चालतो, कारण वजाबाकीत २७३.१५ निघून जाते. भागाकारात ते निघून जात नाही. दुसरी चूक उष्णतेला एकाच तापमानाने भागण्याची. ८३६ ला दोन्हीकडे सुरुवातीच्या तापमानाने भागले तर वाढ खऱ्याच्या जवळपास दुप्पट, ४८५ येते. दोन्हीकडे शेवटच्या तापमानाने भागले तर शून्य. वरचा ०.५८ पासून शून्यापर्यंतचा उतार डोळ्यांसमोर ठेवला तर ही दोन्ही उत्तरे का फसवी आहेत ते लगेच दिसते: एकाने उताराचे फक्त वरचे टोक धरले, दुसऱ्याने फक्त खालचे.

२४६ हा आकडा हाती आला, पण त्याचा अर्थ काय? एन्ट्रॉपीवरची बहुतेक लिखाणे या टप्प्यावर ‘अव्यवस्था’ हा शब्द पुढे करून मोकळी होतात. मला तो शब्द या ठिकाणी निरुपयोगी वाटतो. १५ किलो पाण्यात अव्यवस्था किती, हे कोणी मोजून दाखवत नाही. त्यापेक्षा सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये मांडलेली कल्पना जास्त कामाची आहे. उंचावरचे पाणी खाली पडताना जसे चक्र फिरवू शकते, तशी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाणारी उष्णता यंत्र फिरवू शकते. आपण विसण घातले तेव्हा ८० आणि २० यांमध्ये असे यंत्र ठेवता आले असते. आपण ते ठेवले नाही.

समजा, ठेवले. यंत्र आदर्श आहे, म्हणजे त्यात एन्ट्रॉपी जराही वाढत नाही. ते गरम पाण्यातून थोडी उष्णता घेते, तिच्यातला काही भाग काम म्हणून बाहेर देते आणि उरलेली थंड पाण्यात सोडते. पहिल्या क्षणी घेतलेल्या उष्णतेच्या १७ टक्के काम मिळते. पुढे दोन्ही तापमाने जवळ येतात तसा हा वाटा घसरतो आणि ती सारखी झाली की यंत्र थांबते. कुठल्या तापमानाला थांबते? ४० अंशांना नाही. काही ऊर्जा काम होऊन बाहेर गेली, तेव्हा पाणी त्याहून थंड असणारच. एकूण एन्ट्रॉपीची वाढ शून्य, ही अट घालून हिशेब केला की तापमान ३८.७७ अंश येते.

४० वजा ३८.७७ म्हणजे १.२३. जवळजवळ सव्वा अंश. अंगावर तांब्याभर पाणी घेणाऱ्याला हा फरक कळणारही नाही. पण सव्वा अंशाने १५ किलो पाणी निवणे म्हणजे ७७ किलोज्यूल. गरम पाण्याने ८६१.७ दिले, थंड पाण्याला ७८४.७ मिळाले, मधले ७७ यंत्राने काम म्हणून दिले. एवढ्या कामात दहा वॉटचा एलईडी दिवा दोन तासांहून थोडा जास्त वेळ जळतो. आणखी नवल हवे असेल तर हे पाहा: तेवढ्याच कामात तेच १५ किलो पाणी पाचशे मीटरहून उंच चढवता येते. घंगाळात विसण ओतताना आपण हे सगळे सोडून देतो, आणि सोडले याची कुठेही खूण उरत नाही, पाणी सव्वा अंश जास्त गरम आहे एवढीच.

गणिताची आवड असणाऱ्यांनी एक गोष्ट ताडून पाहावी. ४० हे अंतिम तापमान म्हणजे वजन लावून काढलेला अंकगणिती मध्य आहे. ३८.७७ हा त्याच दोन केल्विन तापमानांचा, तीच वजने लावून काढलेला भूमितीय मध्य आहे. अंकगणिती मध्य भूमितीय मध्यापेक्षा कधी लहान नसतो, हे आपण बीजगणितात शिकतो. विसणाच्या बाबतीत तोच दुसरा नियम ठरतो. दोन्ही मध्य सारखे केव्हा होतात? दोन्ही पाण्यांची तापमाने आधीपासून सारखी असतात तेव्हाच, आणि तेव्हा मिश्रणाने एन्ट्रॉपी वाढतही नाही.

यंत्रातून मिळालेले ७७ किलोज्यूल परत पाण्यालाच द्यायचे ठरवले तर? जेम्स जूलने १८४० च्या दशकात केले तसे: वजन खाली सोडायचे, त्याने पाण्यातली वल्ही फिरवायची आणि घुसळून घुसळून पाणी तापवायचे. ७७ किलोज्यूल घुसळणीत घातले की ३८.७७ अंशांचे पाणी बरोबर ४० अंशांवर येते. ऊर्जा जिथली तिथे आली, पाणी साध्या विसणाने झाले असते तेवढेच गरम झाले. या सव्वा अंशाच्या तापण्यात पाण्याची एन्ट्रॉपी किती वाढते ते वरच्याच सूत्राने काढा. २४६ ज्यूल प्रति केल्विन. यंत्राने काही वाढवले नव्हते, सगळी वाढ घुसळण्यात झाली. दोन वाटा अगदी निराळ्या, पण सुरुवात आणि शेवट तेच, म्हणून वाढ तीच. एन्ट्रॉपी ही अवस्थेवर ठरणारी राशी आहे, हे पाठ्यपुस्तकी वाक्य इथे आकड्यांनिशी दिसते.

यातून एक गैरसमज आपोआप सुटतो. विद्यार्थ्यांना वाटते की विसण अगदी हळू, थेंब थेंब घातले तर प्रक्रिया उलटवता येण्याजोगी होईल आणि एन्ट्रॉपी वाढणार नाही. पाठ्यपुस्तकांत ‘अत्यंत संथ’ हे शब्द त्याच परिच्छेदात येतात, त्यामुळे घोटाळा होतो. दोन थर्मास घ्या, एकात ८० अंशांचे पाणी, दुसऱ्यात २० अंशांचे, आणि दोन्हींत टोके बुडतील अशी तांब्याची बारीक तार जोडा. तापमाने सारखी व्हायला कितीतरी दिवस लागतील, इतके संथ आहे हे. तरी शेवटी दोन्ही ४० अंशांवरच येणार आणि वाढ २४६ च होणार. उष्णता ८० वरून थेट २० वर उतरली, तिने मध्ये काम केले नाही, एवढ्यावर निकाल लागतो. वेगाचा त्यात संबंध नाही.

आता पिंपाकडे वळू. हा प्रयोग परतूरच्या कुठल्याही शाळेत करता येतो. जाड थर्माकोलचा डबा, झाकणाला भोक पाडून खोवलेला तापमापी, १०० ग्रॅम गरम आणि २०० ग्रॅम थंड पाणी. एन्ट्रॉपीची अपेक्षित वाढ ४.९ ज्यूल प्रति केल्विन, वरच्या आकड्याचा पन्नासावा भाग. तापमाने मात्र तीच राहतात आणि गंमत तिथेच आहे. २४६ हा आकडा २५१२ आणि २७५९ या दोन मोठ्या आकड्यांतला फरक आहे. अंतिम तापमान अर्ध्या अंशाने चुकले तर त्या फरकात १०० ची, म्हणजे चाळीस टक्क्यांची चूक पडते. आणि मोजलेले तापमान ३८.७७ च्या खाली गेले, तर वहीत पाण्याची एन्ट्रॉपी चक्क घटलेली दिसते. साध्या प्रयोगात ३८.५ वाचन येणे मुळीच अवघड नाही. अशा वेळी दुसरा नियम मोडला नसतो. पिंप गळते आहे.

मूळच्या १५ किलोंच्या उदाहरणात ३८.५ वाचन आले असे धरा. पाण्याची एन्ट्रॉपी मिळून ५५ ने घटली. पण दीड अंशाची उष्णता, म्हणजे ९४ किलोज्यूल, बाहेरच्या २० अंशांच्या हवेत गेली आणि तिथे ३२१ ची वाढ झाली. बेरीज २६६. ती २४६ हून जास्तच आहे, कारण गळती हाही उष्णतेचा आणखी एक उतार आहे. सव्वा अंश ही म्हणून चांगली कसोटी आहे: मोजलेले तापमान ४० च्या खाली सव्वा अंशाहून जास्त गेले, तर इतरत्र कुठे तरी उष्णता गेल्याशिवाय ते शक्यच नाही.

गळती कुठली, हेही ओळखता येते. तांब्या-पितळेचे घंगाळच वापरले तर ते स्वतः तापते. तीन किलोंचे पितळी घंगाळ थंड पाण्याइतक्याच तापमानाला असेल तर अंतिम तापमान सुमारे ०.३६ अंशाने उतरते. पण ते एकदाच. नंतर वाचन स्थिर राहते. भिंतीतून गळती असेल तर वाचन थांबत नाही, मिनिटागणिक खाली सरकत राहते. तेव्हा दर मिनिटाला वाचन घेऊन आलेख काढावा आणि त्याची शेवटची सरळ रेष मिश्रणाच्या क्षणापर्यंत मागे न्यावी. तिसरी गळती वाफेची. ८० अंशांचे पाणी उघड्यावर ओतताना ३०० ग्रॅमच्या प्रयोगात ०.२ ग्रॅम पाणी वाफ होऊन उडाले तरी सुमारे ०.३७ अंश जातो. ती तापमापीवर ओळखू येत नाही, प्रयोगशाळेतल्या काट्यावर ओतण्याआधी आणि नंतर वजन केले तर ओळखू येते. आणखी एक बारकावा. पाणी मापाने न घेता वजनाने घ्यावे. ८० अंशांच्या लिटरभर पाण्याचे वजन किलोला २८ ग्रॅमच्या आसपास कमी भरते आणि तेवढ्यानेही ०.४ अंशाचा फरक पडतो. या चारही गोष्टी एकाच दिशेने ढकलतात, वाचन खाली आणतात. म्हणून उत्तर बरोबर येण्याआधी बहुधा ऋण येते.

पाणी पाण्यात मिसळले म्हणून एन्ट्रॉपी वाढली, असे समजणारेही पुष्कळ आहेत. ‘मिश्रण’ या शब्दाने तसे वाटणे साहजिक आहे. पण पिंपात मध्ये पातळ तांब्याचा पडदा घालून दोन्ही पाणी वेगवेगळी ठेवली, तरी तापमान ४० च होईल आणि वाढही २४६ च. पडदा काढल्यावर तीत भर पडत नाही. पाण्याचे रेणू सारखेच आहेत, इकडचे तिकडे गेले हे सांगणारी कुठलीही खूण नाही. एका बाजूला मीठ विरघळलेले असते तर गोष्ट वेगळी. मग पडदा काढल्यावर निराळी वाढ झाली असती. सारख्या आणि वेगळ्या यांतल्या या फरकाने अमेरिकन शास्त्रज्ञ गिब्जला १८७० च्या दशकात पेचात टाकले होते. तो पेच आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्याची पुरती उकल पुढे पुंज यामिकीत होते, म्हणून इथे तो बाजूला ठेवतो.

विसणाचा फरक कमी केला तर वाढ किती कमी होते? बंबातले पाणी ८० ऐवजी ५० अंशांना घेतले, बाकी तेच ठेवले, तर अंतिम तापमान ३० अंश आणि वाढ ६७ ज्यूल प्रति केल्विन. तापमानातला फरक निम्मा झाला, एन्ट्रॉपीची वाढ साधारण पाव झाली. याचे कारण वरच्या उतारात आहे: फरक निम्मा केला की पहिल्या किलोज्यूलची वाढ निम्मी होते आणि जाणारे किलोज्यूलही निम्मे होतात. कारखान्यांतल्या उष्णता-विनिमय यंत्रांत गरम आणि थंड प्रवाह उलट्या दिशांनी का वाहवतात, ते यावरून समजते. तसे केल्याने प्रत्येक ठिकाणी समोरासमोर येणाऱ्या प्रवाहांच्या तापमानांत थोडाच फरक राहतो, आणि थोड्या फरकाची किंमत त्याच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे फारच कमी, मोजावी लागते.

हे वाचून कोणी म्हणेल, मग पाणी ८० पर्यंत तापवून विसण घालण्यापेक्षा सगळे १५ किलो थेट ४० अंशांपर्यंतच तापवावे, म्हणजे ते २४६ वाचतील. वाचत नाहीत. लागणारी उष्णता दोन्ही रीतींनी १२५४ किलोज्यूलच आहे आणि ती पऱ्हाट्यांच्या आगीतून येते. आग ८०० अंश सेल्सिअसची धरू. तिच्यातून ही उष्णता निघताना आगीची एन्ट्रॉपी ११६९ ने घटते. ५ किलो पाणी २० वरून ८० वर नेताना पाण्याची ३८९२ ने वाढते. म्हणजे विसणाला हात लागण्याआधीच बंबात २७२३ ची निव्वळ वाढ होऊन गेलेली असते, विसणाच्या अकरापट. सगळे पाणी थेट ४० वर नेले तर बंबातली वाढ २९६९ होते. ती बरोबर २७२३ आणि २४६ यांची बेरीज आहे. सुरुवात आणि शेवट तेच, म्हणून एकूण वाढही तीच. विसणाचे नुकसान तेवढे बंबात सरकले.

मोठा खड्डा आग आणि पाणी यांच्या मध्ये आहे. विजेच्या रॉडने पाणी तापवले तर आणखीच वाईट, कारण वीज म्हणजे सगळेच काम आणि आपण ते सरळ उष्णतेत घालवतो. १२५४ किलोज्यूल म्हणजे जवळपास एक तृतीयांश युनिट. आदर्श यंत्राने २० अंशांच्या हवेतून उष्णता उपसून तेच १५ किलो पाणी ४० वर नेले, तर किमान किती काम लागेल? पाण्याची एन्ट्रॉपी ४१३८ ने वाढायची, तेवढी हवेची घटवता येते, म्हणून हवा १२१३ किलोज्यूल फुकट देते. उरलेले ४१ किलोज्यूल तेवढे आपले. एका बाजूला १२५४ आणि दुसऱ्या बाजूला ४१. बाजारात मिळणारे उष्णता-पंप या आदर्शाच्या आसपासही नसतात, तरी रॉडच्या तुलनेत साधारण तिसरा-चौथा हिस्सा विजेत तेच पाणी देतात. या हिश्श्यातला आदर्शाहून जास्तीचा भाग त्यांच्या आत कुठे कुठे जातो, तो प्रत्येक ठिकाणी किती ज्यूल प्रति केल्विन भरतो आणि त्यातला कुठला टाळता येतो, हा हिशेब पहिल्या प्रकरणापासून सुरू होतो.